इंडिकेटरच्या बल्बवरून प्लांकचा स्थिरांक: कृष्णिका प्रारणाच्या प्रयोगाच्या नोंदी

१२ मे २०२५

पदवीच्या तिसऱ्या वर्षासाठी कृष्णिका प्रारणाचा प्रयोग बसवायचा आहे. प्रयोगपुस्तिकेत आजवर या विषयावर स्टेफानच्या नियमाचा प्रयोग होता. तो चांगला असला, तरी त्यात सगळ्या तरंगलांबींची बेरीज मोजली जाते आणि अभिजात भौतिकी नेमकी कुठे कोसळते ते त्या बेरजेत झाकले जाते. त्यामुळे या वेळी एकच अरुंद तरंगलांबी घेऊन तिची तीव्रता तापमानाबरोबर किती पटीने वाढते, एवढेच मोजायचे ठरवले आहे.

रेले आणि जीन्स यांच्या अभिजात सूत्रानुसार ठरावीक तरंगलांबीची तीव्रता तापमानाच्या सम प्रमाणात असते. तंतूचे तापमान २००० केल्व्हिनवरून २६०० केल्व्हिनवर नेले, तर या सूत्राच्या मते निळा प्रकाश १.३ पट व्हायला हवा आणि तांबडाही १.३ पटच. प्लांकच्या सूत्राप्रमाणे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सुमारे ४० पट आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा सुमारे १३ पट व्हायला हवा. दोन भाकितांत एवढी तफावत असल्यामुळे साधनसामग्री साधी असली तरी चालेल.

आदर्श कृष्णिका म्हणजे बारीक छिद्र असलेली तापवलेली पोकळी. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील शासकीय मोजमाप संस्थेत लुमर आणि कुर्लबाउम यांनी १८९८ मध्ये विजेने तापवलेली अशी पोकळी वापरात आणली. आपण तशी भट्टी बांधू शकत नाही, म्हणून मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. टंगस्टनची तार कृष्णिका नाही. दृश्य प्रकाशात ती कृष्णिकेच्या निम्म्याहूनही थोडे कमी प्रारण देते. पण हा गुणक तापमानाबरोबर फारसा बदलत नसल्यामुळे गुणोत्तर काढताना बहुतांशी छेदून जातो. जे छेदले जात नाही त्याचा हिशेब शेवटी करायचा आहे.

१४ मे

तापमान मोजायला वेगळे साधन नाही. तंतूचा रोध हाच तापमापक. टंगस्टनचा ३०० केल्व्हिनला असलेला रोध १ धरला, तर २००० ला तो १०.०३ आणि २६०० ला १३.७२ होतो. म्हणजे थंड रोध अचूक कळला की पुढचे सगळे कोष्टकावरून निघते, आणि तोच चुकला तर पुढचे एकही तापमान भरवशाचे राहत नाही.

मल्टिमीटरने बल्बचा थंड रोध ०.८ ओहम दाखवला. पूर्ण १२ व्होल्टला बल्ब १.७५ अँपिअर घेतो, म्हणजे तप्त रोध ६.८६ ओहम. गुणोत्तर ८.६ आले आणि कोष्टकात त्याच्यापुढे सुमारे १७५० केल्व्हिन आहे. पांढऱ्याशुभ्र उजेडात जळणारा तंतू १७५० केल्व्हिनला असणे शक्य नाही. त्या तापमानाला तो नारिंगी दिसतो. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तेव्हा मीटरने ०.३ ओहम दाखवले. मोजलेल्या रोधात तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा मीटरच्या स्वतःच्या तारांचा होता.

उपाय ठरलेला आहे: चार तारांची पद्धत. बल्बच्या बुडाच्या डाखावर आणि पितळी टोपीवर प्रत्येकी दोन तारा थेट डाखल्या. एका जोडीतून धारा जाते आणि दुसऱ्या जोडीवर फक्त मिलिव्होल्ट मोजले जातात. होल्डर पूर्णपणे वगळला, कारण त्याची स्प्रिंग गरम झाल्यावर स्पर्शरोध बदलतो. मोजण्यासाठी सोडलेली धाराही तंतूला थोडे तापवते, म्हणून १००, ५० आणि २० मिलिअँपिअरला रोध काढून आलेख शून्य धारेपर्यंत मागे नेला. उत्तर ०.५०५ ओहम आले.

१५ मे

कालच्या आकड्यात एक दुरुस्ती करावी लागली. कोष्टक ३०० केल्व्हिनचे, म्हणजे २७ अंश सेल्सिअसचे आहे आणि मोजणीच्या वेळी खोलीत ३३ अंश होते. या पट्ट्यात टंगस्टनचा रोध दर अंशाला सुमारे ०.४३ टक्क्याने वाढतो. सहा अंशांचे २.६ टक्के वजा जाता २७ अंशांचा रोध ०.४९२ ओहम येतो. ही दुरुस्ती किरकोळ वाटते, पण ती वगळली तर २६०० केल्व्हिनच्या जागी पन्नासहून अधिक केल्व्हिन कमी निघतात. मे महिन्यात आपल्याकडे हा प्रयोग करणाऱ्याने खोलीच्या तापमानाची नोंद केलीच पाहिजे.

आता तापमानांवर भरवसा ठेवता येतो. ५.८५ व्होल्ट आणि १.१८७ अँपिअरला तंतू २००० केल्व्हिनच्या आसपास असतो, ११.६ व्होल्ट आणि १.७२ अँपिअरला २६०० च्या. व्होल्टेज बदलल्यावर धारा स्थिर व्हायला मिनिटभर थांबावे लागते.

२३ मे

प्रकाशग्राही म्हणून BPW34 हा सिलिकॉन फोटोडायोड घेतला आहे. त्याची धारा TL071 या ऑप-अँपच्या साहाय्याने १० मेगाओहमच्या रोधावर व्होल्टेजमध्ये बदलली जाते. बल्ब आणि डायोड आतून काळा मॅट रंग दिलेल्या पीव्हीसी पाइपच्या दोन टोकांना, साधारण दहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटचा शिरकाव थांबवायला पाइपच्या सांध्यांवर काळी चिकटपट्टी लावावी लागली.

फिल्टर म्हणून स्नेहसंमेलनाच्या प्रकाशयोजनेतून उरलेले निळे आणि तांबडे जिलेटिन पेपर वापरून पाहिले. फुकट होते, हाच त्यांचा एकमेव गुण ठरला. २००० ते २६०० केल्व्हिन या पल्ल्यात निळ्या कागदामागची तीव्रता ६.६ पट वाढली आणि तांबड्यामागचीही जवळजवळ तेवढीच. १.३ पटीहून ही वाढ बरीच जास्त आहे, तेव्हा अभिजात सूत्र खोटे ठरलेच, असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. पण निळा आणि तांबडा यांचे आकडे सारखे येणे प्लांकच्या सूत्रातही बसत नाही. तिथे तरंगलांबी जितकी आखूड तितकी वाढ तीव्र असते. ६.६ पट हा आकडा उलट दिशेने सोडवला, तर तरंगलांबी सुमारे ८८० नॅनोमीटर निघते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त प्रारण.

कागद डोळ्याला निळा दिसतो, कारण तो दृश्य प्रकाशातला निळा तेवढा जाऊ देतो. सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे तो काय करतो हे डोळ्याला कळत नाही. तिथे असले रंगीत कागद जवळजवळ पारदर्शक असतात. सिलिकॉन मात्र ११०० नॅनोमीटरपर्यंत पाहतो आणि ९०० च्या आसपास त्याची संवेदनशीलता सर्वाधिक असते. शिवाय तंतूच्या प्रारणात निळ्याच्या तुलनेत अवरक्त कितीतरी पट अधिक. त्यामुळे डायोड दोन्ही वेळा मुख्यतः अवरक्तच मोजत होता.

गळती ओळखायची सोपी कसोटी अशी: निळा आणि तांबडा फिल्टर एकावर एक ठेवावेत. दोन्ही प्रामाणिक असतील तर ग्राहीपर्यंत काहीच पोहोचणार नाही. आमच्या दोन कागदांच्या जोडीमागे डोळ्याला अंधार होता आणि डायोडवरचे वाचन एकट्या कागदाच्या निम्म्याहून जास्त होते.

खरेदी टळत नाही. ४५० आणि ६५० नॅनोमीटरचे, १० नॅनोमीटर रुंदीचे दोन व्यतिकरण फिल्टर मागवले आहेत. ११०० नॅनोमीटरपर्यंत बाकीचा प्रकाश अडवण्याची हमी पुरवठादाराकडून लेखी घेतली. स्वस्त फिल्टरांत ही हमी बहुधा नसते. दोन्ही मिळून खर्च सहा हजारांच्या घरात जातो, बाकी सगळ्या संचाला हजारही लागले नव्हते.

११ जून

फिल्टर यायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. आल्यावर आधी जोडीची कसोटी घेतली. वाचन बल्ब झाकल्यावर मिळते तेवढेच आले. फिल्टर किरणांना लंब बसला पाहिजे, कारण तो कलला की त्याची तरंगलांबी आखूड होते. त्यासाठी पाइपमध्ये लाकडी कडे बसवले.

निळ्या फिल्टरचे पहिले गुणोत्तर ३१ आले, अपेक्षित ४०. कारण लगेच सापडले: बल्ब पूर्ण झाकूनही ऑप-अँप ३.१ मिलिव्होल्ट दाखवत होता. हा त्याचा स्वतःचा ऑफसेट आहे. २६०० केल्व्हिनला वाचन ६१८ मिलिव्होल्ट आहे, तिथे तीन मिलिव्होल्टने काही बिघडत नाही. २००० केल्व्हिनला मात्र एकूण वाचनच १९.७ आहे. वजाबाकीनंतर ६१४.९ आणि १६.६ उरतात आणि गुणोत्तर ३७.० होते. म्हणून आता प्रत्येक वाचनाआधी आणि नंतर बल्बपुढे पत्रा सरकवून अंधाराचे वाचन घेतो. कमी तापमानाच्या टोकाला सगळा निकाल या वजाबाकीवर उभा असतो.

तांबड्या फिल्टरचे गुणोत्तर १२.१ आले.

१२ जून

कालची सगळी वाचने आलेखावर मांडली. उभ्या अक्षावर तीव्रतेचा नैसर्गिक लॉगॅरिदम आणि आडव्या अक्षावर १/T घेतले, तर या पल्ल्यात सरळ रेषा यायला हवी आणि तिचा उतार hc/λk एवढा हवा. हिशेबापुरता कोड असा:

```python
import numpy as np
r = [8.86, 9.44, 10.03, 10.63, 11.24, 11.84, 12.46, 13.08, 13.72]
t = [1800, 1900, 2000, 2100, 2200, 2300, 2400, 2500, 2600]
T = np.interp(V / I / 0.492, r, t)
slope, c = np.polyfit(1 / T, np.log(v_light - v_dark), 1)
h = -slope * lam * 1.380649e-23 / 2.998e8
```

दोन्ही रेषा सरळ आल्या. निळ्याचा उतार ३१,३०० केल्व्हिन आणि तांबड्याचा २१,६०० केल्व्हिन. त्यांवरून h चे मूल्य अनुक्रमे ६.४९ × १०⁻³⁴ आणि ६.४७ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद निघते. मान्य मूल्य ६.६३ × १०⁻³⁴ आहे. दोन वेगळ्या तरंगलांबींवरून जवळजवळ एकच h निघणे मला मूल्याच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाचे वाटते. उतार तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो आहे, हाच मूळ मुद्दा आहे.

विद्यार्थ्यांना हा आलेख दाखवताना अभिजात सूत्र नेमके कुठे अडते ते असे मांडले. पोकळीतल्या प्रारणाचे स्थिर तरंग मोजता येतात. तरंगलांबी आखूड होत जाते तशी बसू शकणाऱ्या तरंगांची संख्या झपाट्याने वाढते. ही मोजणी बरोबर आहे आणि प्लांकच्या सूत्रातही ती तशीच राहते. चूक पुढच्या पायरीत आहे. अभिजात सांख्यिकीनुसार औष्णिक समतोलात प्रत्येक तरंगाच्या वाट्याला सरासरी kT एवढी ऊर्जा येते, मग त्याची वारंवारता काहीही असो. २६०० केल्व्हिनला kT म्हणजे ०.२२४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आखूड तरंगांची संख्या अमर्याद आणि प्रत्येकाला वाटा सारखा, तेव्हा एकूण ऊर्जा अनंत होते.

प्लांकने घातलेली अट अशी की वारंवारता ν असलेल्या कंपकाची ऊर्जा ०, hν, २hν, ३hν अशीच असू शकते, अधलीमधली नाही. ४५० नॅनोमीटरसाठी hν २.७५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, म्हणजे kT च्या १२.३ पट. पहिली पायरी गाठण्याची शक्यता e⁻¹²·³, म्हणजे सुमारे दोन लाख वीस हजारांत एक. अभिजात हिशेबात कंपक kT चा अर्धा, पाव, दशांश असा कितीही लहान वाटा घेऊ शकतो, म्हणून त्याची सरासरी kT वर टिकते. इथे लहान वाटा घेण्याची सोयच नाही: एक तर पूर्ण २.७५५ किंवा शून्य, आणि बहुतेक वेळा शून्य. परिणामी निळ्या कंपकाची सरासरी ऊर्जा kT च्या सुमारे अठरा हजाराव्या भागावर येते. आखूड तरंगांची संख्या कितीही वाढली, तरी त्यांतले जवळजवळ सगळे रिकामे राहतात आणि बेरीज मर्यादित होते.

तापमान २००० ला उतरवले की तेच hν हे kT च्या १६ पट होते आणि अभिजात अंदाज अठरा हजारांऐवजी साडेपाच लाख पटींनी चुकतो. आमची रेषा मोजते ती हीच गोष्ट: पायरीची उंची कायम ठेवून kT कमी-जास्त केला, तर पायरी गाठणाऱ्या कंपकांची संख्या किती बदलते.

एका विद्यार्थिनीने विचारले की अभिजात सूत्र खरे असते तर बंद बल्बही निळा दिसला असता का. तिथल्या तिथे हिशेब केला. अभिजात सूत्रात तीव्रता T च्या प्रमाणात असल्यामुळे ३०० केल्व्हिनचा बल्ब २६०० च्या बल्बच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढा निळा प्रकाश देईल. पण हा नववा हिस्सा अठरा हजार पट फुगलेल्या आकड्याचा आहे. म्हणजे टेबलावर पडलेला थंड बल्ब आमच्या पेटलेल्या बल्बपेक्षा निळ्या रंगात सुमारे दोन हजार पट तेजस्वी असायला हवा होता. हे उदाहरण आता प्रयोगपुस्तिकेत घातले आहे.

१८ जून

दोन्ही मूल्ये दोन-अडीच टक्क्यांनी कमीच का येतात, याचा शोध घेतला. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असत्या तर एखादे मूल्य जास्तही आले असते, तेव्हा कारण एकाच दिशेने ओढणारे असले पाहिजे.

पहिले कारण उत्सर्जकता. टंगस्टनची दृश्य प्रकाशातली उत्सर्जकता तापमान वाढेल तशी किंचित घटते. त्यामुळे वरच्या टोकाची तीव्रता थोडी कमी पडते आणि उतार तांबड्यासाठी एक-दीड टक्क्याने कमी येतो. दुसरे कारण तंतूची टोके. ती आधारतारांना जोडलेली असल्यामुळे मधल्या भागापेक्षा थंड असतात. रोध संपूर्ण तंतूची सरासरी सांगतो, प्रकाश मात्र मुख्यतः तप्त मध्यभागातून येतो. म्हणजे आपण काढलेले तापमान प्रकाश देणाऱ्या भागाच्या तापमानापेक्षा थोडे कमी असते. यानेही उतार कमीच होतो, आणि कमी व्होल्टेजला हा फरक अधिक असतो. १८०० केल्व्हिनच्या खालची वाचने घेऊ नयेत असे ठरवण्यामागे ऑफसेटइतकेच हेही कारण आहे.

दुरुस्तीचे गुणक लावून h ६.६३ वर आणणे अवघड नाही, पण तसे करू नये असे माझे मत आहे. मान्य मूल्य माहीत असताना बसवलेली दुरुस्ती विद्यार्थ्याला काहीच शिकवत नाही.

२५ जून

एका सहकाऱ्यांनी रास्त शंका काढली: या प्रयोगाने प्लांकचे सूत्र सिद्ध झाले असे म्हणता येईल का? म्हणता येत नाही. प्लांकचे सूत्र असे आहे:

```
I = (C / λ^5) · 1 / (e^(hc/λkT) − 1)
```

छेदातला वजा एक काढून टाकला की विएनचे १८९६ चे सूत्र उरते. आमच्या तांबड्या फिल्टरला २६०० केल्व्हिनवर घातांक ८.५ आहे, तिथे त्या वजा एकाचा परिणाम दहा हजारांत दोन भागांएवढा होतो. निळ्याला तर त्याहून कितीतरी कमी. आमचा संच तो पाहूच शकत नाही. अभिजात सूत्र आखूड तरंगलांबीला साफ चुकते आणि तिथे hν/kT हा घातांक लागतो, एवढेच आम्ही दाखवले आहे.

इतिहासही नेमका याच जागी वळतो. प्लांकला नवे सूत्र शोधायला लावणारी मोजमापे आखूड तरंगलांबीची नव्हती. १९०० मध्ये बर्लिनमध्ये रूबेन्स आणि कुर्लबाउम यांनी सैंधवाच्या स्फटिकांवरून वारंवार परावर्तित करून ५१ मायक्रोमीटरचे अवरक्त प्रारण वेगळे काढले आणि तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले. त्या तरंगलांबीला १००० केल्व्हिनवरून १७७३ केल्व्हिनवर जाताना विएनचे सूत्र १.१३ पट वाढ सांगते, अभिजात सूत्र १.७७ पट आणि प्लांकचे १.८९ पट. मोजलेली वाढ तापमानाच्या जवळजवळ सम प्रमाणात होती. विएनचे सूत्र तिथे टिकले नाही. ७ ऑक्टोबरला रूबेन्स यांनी ही बातमी प्लांकला त्याच्या घरी सांगितली, १९ ऑक्टोबरला त्याने नवे सूत्र मांडले आणि १४ डिसेंबरला ऊर्जेच्या पुंजांवरून त्याची उपपत्ती दिली. क्रम पाहिला तर अतिनील टोकाच्या अनंत बेरजेची अडचण त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः नव्हती. ती पुढच्या वर्षांत रेले, जीन्स आणि एरेनफेस्ट यांच्या लेखनातून ठळक झाली. पाठ्यपुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा दिलेला असतो.

दीर्घ तरंगलांबीची बाजू आपल्याकडे मोजता येईल का, हेही तपासले. बल्ब तिथे निरुपयोगी आहे, कारण काच काही मायक्रोमीटरच्या पलीकडे अपारदर्शक होते आणि स्वतःच प्रारण देऊ लागते. ८ ते १४ मायक्रोमीटरवर चालणारी तापमापक बंदूक प्रयोगशाळेत आहे, पण ती आत प्लांकचेच सूत्र गृहीत धरून अंश दाखवते. तिच्या आकड्यांवरून त्या सूत्राची परीक्षा घेणे म्हणजे गोल फिरणे. सुटा थर्मोपाइल आणून काजळी लावलेल्या ६०० केल्व्हिनच्या लोखंडी ठोकळ्यासमोर ठेवला, तरी १० मायक्रोमीटरला विएन आणि प्लांक यांच्यात दहा टक्क्यांचाच फरक पडतो, आणि काजळीची उत्सर्जकता, पट्ट्याची रुंदी आणि खोलीचे स्वतःचे प्रारण मिळून तेवढी अनिश्चितता सहज होते. थर्मोपाइलची मागणी तूर्त नोंदवलेली नाही. विद्यार्थ्यांच्या निकालपत्रकातला ‘प्लांकच्या सूत्राची सिद्धता’ हा मथळा काढून ‘आखूड तरंगलांबीला hc/λk या उताराची मोजणी’ असा केला आहे.